मूल साधं दूध पीत नसेल तर दह्या-पनीरमधून खरंच किती कॅल्शियम मिळतं?

प्रश्न: मुलगी साडेपाच वर्षांची आहे, वजन १७ किलो. साधं दूध तोंडाला लावत नाही, नुसत्या वासानेही तोंड फिरवते. दही आवडतं, पनीर आवडतं, चॉकलेटचं दूध संपवते. म्हणून रोज थोडा चक्का, आठवड्यातून तीन-चारदा घरचं पनीर आणि रोज एक पेला दूध त्यात दोन मोठे चमचे चॉकलेट पावडर घालून देते. एवढ्यावर कॅल्शियम भागेल का? की साधं दूध प्यायची सवय लावायलाच हवी?

उत्तर:

साधं दूध प्यायलाच हवं असं काही नाही. हाडांना कॅल्शियम हवं असतं, ते पेल्यातून आलं की वाटीतून, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मात्र तुमच्या तीन पदार्थांपैकी चक्का तुम्हाला वाटतं तेवढं कॅल्शियम देत नाही, घरच्या पनीरचा आकडा ते कसं बनवलं यावर ठरतो आणि चॉकलेटच्या दुधात कॅल्शियम पूर्ण असलं तरी त्यासोबत साखर बरीच जाते. यादी तीच ठेवून थोडे फेरफार केले तरी काम होईल.

आधी गरज किती ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलांना दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १ ते ३ वर्षांना ५००, ७ ते ९ वर्षांना ६५० आणि १० ते १२ वर्षांना ८५०. मोबाइलवरची आहार मोजणारी अ‍ॅप्स बऱ्याचदा अमेरिकी आकडा दाखवतात. तिथे ४ ते ८ वर्षांसाठी १००० मिलिग्रॅम सांगतात, म्हणून पालक घाबरतात. आपण ५५० धरून चालू आणि ६०० च्या आसपास पोचायचं ठेवू, म्हणजे एखाद्या दिवशी वाटी अर्धी राहिली तरी बिघडणार नाही.

हे सगळं दुधातूनच यायला हवं असंही नाही. पोळी, वरण, भात, भाजी असं साधं जेवण या वयाचं मूल जेवढं खातं, त्यातून साधारण १५० मिलिग्रॅम मिळतात असं धरा. नाचणीची भाकरी किंवा तिळाची चटणी वरचेवर असेल तर यापेक्षा जास्त. भाज्यांपैकी पालक मात्र या हिशेबात धरू नका. त्यात कॅल्शियम भरपूर दिसतं, पण ते ऑक्झलेट या पालकातल्याच घटकाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की शरीराला जेमतेम विसावा हिस्सा मिळतो. पालक-पनीर मजेत खाऊ द्या, कॅल्शियम फक्त पनीरचं मोजा.

म्हणजे दूध आणि दुधाच्या पदार्थांतून रोज ४०० ते ४५० मिलिग्रॅम हवेत. १०० मिली दुधात, गाईचं असो की म्हशीचं, सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. साध्या भाषेत, दिवसभरात साडेतीनशे मिली दूध कोणत्या ना कोणत्या रूपात पोटात गेलं की झालं. दिवसाला लिटरभर दूध पाजण्याचा आग्रह धरणारे असतात, त्यांचं ऐकू नका. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलेलं मूल जेवण कमी करतं आणि पुढे रक्तातलं लोह उतरतं. लहान मुलांच्या पांडुरोगामागे हे कारण नेहमी सापडतं.

आता मुख्य गोष्ट. दुधाचा पदार्थ झाला की कॅल्शियम कुठे जातं, हे एकदा समजलं की कुठलाही पदार्थ समोर आला तरी हिशेब स्वतःला करता येतो. दुधातलं कॅल्शियम स्निग्धांशात नसतं. म्हणून साय, लोणी, तूप यांत ते नगण्य असतं आणि साय काढलेल्या दुधात ते जसंच्या तसं राहतं. साधारण दोन तृतीयांश कॅल्शियम केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये अडकलेलं असतं, उरलेलं दुधातल्या पाण्यात विरघळलेलं असतं. दुधात आंबटपणा वाढत गेला की गोळ्यांत अडकलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात उतरू लागतं. दही लागेपर्यंत ते जवळजवळ सगळं पाण्यात उतरलेलं असतं.

दही वाटीतून जसंच्या तसं खाल्लं तर याने काही फरक पडत नाही, कारण ते पाणी दह्यातच असतं. दूध १०० मिली लावलं असेल तर त्याचे १२० मिलिग्रॅम दह्यात आहेत. पण ते फडक्यात बांधून टांगलं की जे पिवळसर हिरवट पाणी, म्हणजे निवळी, गळतं त्याच्याबरोबर कॅल्शियमही जातं. अर्धा किलो दह्यात ६०० मिलिग्रॅम असतात. त्याचा पाव किलो चक्का झाला तर त्यात पावणेतीनशे ते तीनशे उरतात. अर्धं कॅल्शियम भांड्यातल्या पाण्यात गेलं. चक्का घट्ट असतो, त्यात प्रथिनं दाटलेली असतात, म्हणून तो जास्त पौष्टिक वाटतो आणि प्रथिनांच्या बाबतीत ते खरंही आहे. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र १०० ग्रॅम चक्का आणि १०० ग्रॅम साधं दही जवळपास सारखेच, आणि तो चक्का बनवायला दूध दुप्पट लागलेलं असतं. श्रीखंडात तर निम्म्याला जवळ साखर असते, त्यामुळे ते गोडाधोडात मोजा, कॅल्शियमच्या खात्यात नको. विकतचं ‘ग्रीक’ दहीही गाळलेलंच असतं. त्यात दुधाची पावडर घातली असेल तर आकडा बदलतो, तो डब्यावर लिहिलेला असतो.

तिला घट्ट दही आवडतं म्हणून तुम्ही टांगत असाल तर तेच घट्टपण दुसऱ्या वाटेने आणता येतं. दूध विरजण्याआधी त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. या पावडरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १२०० ते १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे एका सपाट मोठ्या चमच्यात नव्वदेक. पावडर नुसती हवी. चहात घालतात ती साखर आणि तेल मिसळलेली ‘व्हाइटनर’ पावडर इथे कामाची नाही. पाकिटावरच्या घटकांत दुधाचा घनांश सोडून दुसरं काही लिहिलेलं नसावं.

अर्धा लिटर दूध घ्या. ते कोमट असतानाच दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम पावडर थोड्या दुधात कालवून मग सगळ्यात मिसळा. कडक उकळत्या दुधात पावडर टाकली तर गुठळ्या होतात आणि दह्याच्या तळाशी रवाळ थर बसतो. मग दूध तापवा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवा. या वेळात दुधातली निवळीची प्रथिनं केसीनला चिकटतात, म्हणून दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सोडतं. ही पायरी गाळली की मग दही पातळ झालं अशी तक्रार येते. दूध बोटाला चांगलं ऊन लागेल पण चटका बसणार नाही इतपत, म्हणजे ४० ते ४३ अंशांवर आलं की एक छोटा चमचा ताजं विरजण मिसळा. झाकून, न हलवता पाच-सहा तास ठेवा आणि लागल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका.

शेवटची पायरी मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. दही लागल्यावर बाहेर राहिलं की आंबत जातं, आणि मुलं दही टाकतात ते बहुतेक वेळा आंबटपणामुळे. मग त्यावर साखर येते. रात्री दहाला विरजून सकाळी आठला पाहिलेलं दही उन्हाळ्यात आंबटच असणार. त्यापेक्षा दुपारी लावा, संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवा. विरजण जास्त घातलं तरी दही लवकर आंबतं. दह्याला तार येत असेल तर विरजण खराब आहे किंवा दूध लावताना फार गार होतं, विरजण बदला. आणि चमचा घातल्यावर कडेला पाणी सुटलं तर ते ओतून देऊ नका, परत दह्यात फेटून घ्या. कॅल्शियम त्याच पाण्यात आहे.

अशा दह्यात १०० ग्रॅमला साधारण १५० मिलिग्रॅम मिळतात. गळून काही गेलेलं नाही, वर पावडरीची भर पडली आहे. फळ घालायचं तर वाढताना घाला. आधी घालून ठेवलेल्या फळामुळे दही पातळ होतं आणि काही तासांत चव उतरते. ताकाचा हिशेब वेगळा: एक भाग दह्याला तीन भाग पाणी घातलं तर पेलाभर, म्हणजे २०० मिली ताकात ५० ग्रॅम दही, म्हणजे साठेक मिलिग्रॅम. उन्हाळ्यात ते उत्तम पेय आहे, पण ‘पेलाभर ताक पिते म्हणजे पेलाभर दुधासारखं’ हे चूक.

पनीर दही आणि चक्का यांच्या मधलं आहे. पनीर करताना दूध फार आंबट होऊ देत नाहीत, गरम असतानाच थोडंसं आम्ल घालून फाडतात. त्यामुळे केसीनमधलं काही कॅल्शियम सुटतं, पण बरंचसं पनीरमध्ये राहतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात पनीरचं कॅल्शियम १०० ग्रॅमला सुमारे ४७५ मिलिग्रॅम दिलं आहे. लिटरभर गाईच्या दुधाचं दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम पनीर होतं, म्हणजे दुधातल्या १२०० पैकी सातआठशे मिलिग्रॅम पनीरमध्ये आले आणि उरलेले निवळीत गेले. हे चांगलं जमलेल्या पनीरचं झालं. लिंबू सढळ हाताने पिळलेल्या घरच्या पनीरमध्ये कॅल्शियम यापेक्षा बरंच कमी असू शकतं. म्हणून घरच्या पनीरला मी १०० ग्रॅमला ३५० पेक्षा जास्त धरत नाही. ३० ग्रॅमचा तुकडा, म्हणजे आगपेटीपेक्षा थोडा मोठा, तर १०० मिलिग्रॅम.

नुकसान कमीत कमी ठेवायचं तर आम्ल घालताना हात आवरा. दूध उकळलं की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून ठेवा आणि तो चमच्याचमच्याने, दूध हळू ढवळत घाला. पाणी हिरवट आणि पारदर्शक दिसलं त्या क्षणी थांबा, रस उरला तर उरू द्या. पाणी अजून दुधाळ असेल तर आम्ल कमी पडलं आहे आणि प्रथिनंच वाहून चालली आहेत, आणखी अर्धा चमचा घाला. पाणी निवळल्यानंतरही रस घालत राहिलात तर पनीरचं वजन वाढत नाही, कॅल्शियम मात्र सुटत राहतं. पनीरला लिंबाचा वास येऊन ते धुवावं लागत असेल तर आम्ल जास्त झालं हे ओळखा. पाच मिनिटं ठेवून गाळा आणि वीस-तीस मिनिटं वजनाखाली दाबा.

उरलेली निवळी फेकू नका, पण तिच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका. लिटरभर दुधाच्या निवळीत चार-पाचशे मिलिग्रॅम असतात, तरी ती निवळी आठशे मिली असते. मुलीच्या दोन पोळ्यांच्या कणकेत तिच्यापैकी पन्नासेक मिली जाईल, म्हणजे पंचवीस-तीस मिलिग्रॅम. कणीक निवळीत मळा, वरणात घाला, वाया जाऊ देऊ नका, इतकंच. एक करता येईल: पाणी न घालता निवळीत भात शिजवला तर मुलांना तो किंचित आंबूस लागतो पण बहुतेक जण खातात.

विकतचं पनीर घेताना घटक वाचा. दूध आणि आम्ल एवढंच असेल तर ते पनीर. वनस्पती तेल, स्टार्च अशी नावं दिसली तर तो पनीरसारखा दिसणारा वेगळा पदार्थ आहे आणि वरचे आकडे त्याला लागू नाहीत. चीजबद्दलही विचारतात: एका स्लाइसमध्ये शंभराच्या आसपास मिलिग्रॅम मिळतात, पण मीठ पुष्कळ असतं. आठवड्यातून दोनदा ठीक, रोजचं कॅल्शियम त्यावर ठेवू नका. घरात चार वर्षांच्या आतलं भावंड असेल तर त्याला पनीरचे चौकोनी तुकडे देऊ नका, कुस्करून द्या. घट्ट तुकडा घशात अडकतो.

आता चॉकलेटचं दूध. चव घातल्याने दुधातलं कॅल्शियम कमी होत नाही. कोकोमध्ये ऑक्झलेट असतं म्हणून कॅल्शियम वाया जातं असं सांगितलं जातं, पण एका छोट्या चमच्यात ते इतकं थोडं असतं की विचार करायची गरज नाही. प्रश्न साखरेचा आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगते. या वयाच्या मुलीला दिवसाला साडेतेराशेच्या आसपास उष्मांक लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम साखर, साधारण चार छोटे चमचे, आणि त्यात बिस्कीट, जॅम, सॉस सगळं आलं. तुमच्या पावडरच्या घटकांत पहिलं नाव साखर असेल, आणि बहुतेक ‘ड्रिंकिंग चॉकलेट’मध्ये ते असतंच, तर दोन मोठ्या चमच्यांत पंधरा ग्रॅमपर्यंत साखर जाते. दिवसाचा कोटा एका पेल्यात संपला.

लेबल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दुधात आणि दह्यात १०० ग्रॅममागे साडेचार-पाच ग्रॅम साखर दुधाची स्वतःची असते, ती लॅक्टोज. म्हणून ‘एकूण साखर’ ५ दिसली तर घाबरायचं कारण नाही. ‘वाढवलेली साखर’ वेगळी लिहिलेली असते, ती पाहा. ती नसेल तर एकूण आकड्यातून ५ वजा करा. फळांच्या चवीच्या दह्यावर एकूण १४ लिहिलं असेल तर ९ ग्रॅम वरून घातलेली आहे.

घरी तेच दूध असं करा. बिनसाखरेची कोको पावडर एक सपाट छोटा चमचा आणि साखर दोन छोटे चमचे दोन-तीन चमचे गरम दुधात घोटून गुळगुळीत लापशी करा. कोको थंड दुधात थेट टाकला तर वर तरंगतो आणि पहिल्याच घोटाला कोरडी कडू पूड तोंडात येते. उरलेलं दूध घालून १५० मिली करा, थंड करा. आठवडाभर असंच द्या. पुढच्या आठवड्यात साखर दीड चमचा, मग एक, मग अर्धा. कोको तेवढाच ठेवायचा. रंग आणि वास तोच राहिला की गोडी उतरलेली मुलांच्या लक्षात येत नाही. पालक घाई करतात आणि साखर एकदम निम्मी करतात, तिथे पेला नाकारला जातो. तसं झालं तर एक पायरी मागे जाऊन दहा दिवस थांबा. साखरेऐवजी खजूर वाटून घातला तर थोडे तंतू आणि खनिजं मिळतात, पण दातांच्या दृष्टीने वाटलेला खजूर आणि साखर यांत फार फरक नाही, त्यामुळे ‘खजूर आहे, कितीही चालेल’ असं नको. केळं घातलं तर बहुतेक वेळा वेगळी गोडी लागतच नाही.

शिवाय वासाचं कारण शोधून पाहण्यासारखं आहे. दूध तापवलं की त्यातल्या प्रथिनांतून गंधकाची संयुगं सुटतात. ‘उकळलेल्या दुधाचा वास’ म्हणतात तो हाच, आणि दूध दिवसातून तीनदा तापवलं की तो वाढतो. काही मुलांना तो अजिबात सोसत नाही, पण तेच दूध एकदाच तापवून, लगेच गार करून, साय गाळून, फ्रिजमधलं थंडगार दिलं तर ती पितात. आठवडाभर करून बघा, दोन घोटांपेक्षा जास्त देऊ नका आणि नको म्हणाली तर विषय सोडून द्या. साय गाळल्याने कॅल्शियम जात नाही हे वर आलंच.

तुमच्या मुलीचा दिवस या हिशेबाने मांडू. सकाळी नाश्त्याला दलिया किंवा ओट्स १०० मिली दुधात शिजवून, वेलची किंवा केळं घालून: १२०. शिजवलेल्या दुधाचा वास इथे धान्यात आणि वेलचीत दबतो, म्हणून साधं दूध न पिणारी मुलंही हे खातात. दुपारच्या जेवणात पावडर घालून लावलेलं दही ८० ग्रॅम: १२०. संध्याकाळी कोकोचं दूध १०० मिली: १२०. रात्री पनीर ३० ग्रॅम, कुस्करून पराठ्यात किंवा भुर्जी करून: १००. ही ४६० झाली, जेवणातली १५० धरून ६१०. रात्री पनीर नसेल त्या दिवशी ५१०. आठवड्याची सरासरी साडेपाचशेच्या वर राहते, आणि पाहायची ती सरासरीच. एका दिवसाच्या कमीजास्तीने हाडांचं काही होत नाही. वाट्या घरोघरी वेगळ्या असतात, म्हणून तुमची वाटी एकदा वजन करून पाहा. ‘एक वाटी दही’ साठ ग्रॅमही निघू शकतं आणि दीडशेही.

असं चार वेळा विभागून दिल्याचा फायदाही आहे. एका वेळी जितकं कॅल्शियम जास्त, तितका त्यातला शोषला जाणारा हिस्सा कमी होतो. कोकोचं दूध झोपताना देऊ नका, गोड दूध रात्रभर दातांवर राहिलं की कीड लागते. आणि ती लोहाचं औषध घेत असेल तर ते दुधाच्या पदार्थांपासून दोन तास लांब ठेवा, कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं.

दूध नको म्हणणं आणि दूध न सोसणं यांत फरक आहे, तो तपासून घ्या. दुधाने पोट फुगतं, गुरगुरतं, पातळ होतं पण दही-पनीर चालतं, तर लॅक्टोज पचत नसण्याची शक्यता आहे. तेव्हा कोकोचं दूध आणि दलिया कमी करून दही-पनीर वाढवायचं. दही लागताना काही लॅक्टोज जिवाणू खातात आणि उरलेलं पचवायला मदतही करतात. पनीरमध्ये ते निवळीबरोबर निघून जातं. पण दूध, दही किंवा पनीर यांपैकी कशानेही अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, लगेच उलटी होत असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर ती दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. मग या उत्तरातलं काहीही करू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा.

‘एकदा रक्तातलं कॅल्शियम तपासून घेऊ’ ही कल्पना मात्र उपयोगाची नाही. रक्तातली पातळी शरीर कडक ताब्यात ठेवतं. आहारात कमी पडलं तर ते हाडांतून काढून रक्तात आणलं जातं, त्यामुळे महिनोन्‌महिने कमी खाणाऱ्या मुलाचा अहवालही नॉर्मल येतो. आहाराचा हिशेब कागदावरच करावा लागतो. शोषणासाठी ड जीवनसत्त्व लागतं, ते दह्या-पनीरमध्ये नसल्यात जमा असतं. दिवसा उन्हात खेळणं नसेल तर ते डॉक्टरांना विचारून वेगळं द्यावं लागतं. मनगटं जाड दिसणं, पाय बाहेरच्या बाजूला वाकणं, चालताना पाय दुखतात अशी रोजची तक्रार, दात उशिरा येणं, यांपैकी काही असेल तर घरी हिशेब करत बसू नका. डॉक्टर त्यासाठी ड जीवनसत्त्व, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि मनगटाचा एक्स-रे पाहतात.

वरचा दिवस महिनाभर जमला नाही आणि डॉक्टरांनी कॅल्शियमचं औषध दिलं, तर बाटलीवरचा आकडा नीट वाचा. ‘५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट’ म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम नव्हे. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के असतं, म्हणजे त्यात २०० च मिळतात, सिट्रेटमध्ये २१ टक्के. काही बाटल्यांवर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ असं वेगळं लिहितात, हिशेबात तोच आकडा घ्यायचा. कार्बोनेट जेवणाबरोबर द्या, ते शोषायला पोटातलं आम्ल लागतं. त्याने शौचाला घट्ट होऊ लागलं तर मात्रा स्वतः कमीजास्त न करता डॉक्टरांना सांगा, ते सिट्रेटवर बदलून देतात.